हफ्ता म्हणजे शनिवार

बकरीद झाली आणि माझा एक जुना विद्यार्थी महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला निघून गेला. मलकापूरच्या उर्दू शाळेत मी त्याला मराठी शिकवली होती. पुढे आयटीआय झालं आणि आता चाकणला एका कंपनीत काम लागलं. भोसरीत एका नातेवाइकाच्या खोलीवर चार जणांत पाचवा म्हणून राहत होता. मोशीत एक वन बीएचके एजंटने सुचवला होता. घरमालकाशी फोनवर बोलणं झालं आणि शनिवारी, 14 जूनला दुपारी 4 वाजता घर बघायचं ठरलं.

शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास त्याचा मेसेज आला. विदर्भातल्या शाळा अजून उघडायच्या होत्या, मी घरीच होतो. "सर, घरमालकाला हे पाठवू का? एकदा बघून घ्या." खाली त्याने लिहिलं होतं :

"सलाम साहेब, मी हफ्त्याला येऊ शकत नाही, ड्युटी लागली. इन्शाअल्लाह परवा येतो. चालेल ना?"

मी वाचलं आणि आधी हसू आलं, मग जरा घाबरलो. व्याकरणाच्या चुका शोधायच्या तर त्यात एकही नव्हती. पेपरात मी त्याला पूर्ण गुण दिले असते. पण हे वाचून घरमालकाला काय कळलं असतं?

'हफ्ता' बघा. आपल्या घरात हफ्ता म्हणजे शनिवार. जुमेरात, जुमा, हफ्ता, इतवार, असे दिवस मोजत आपण लहानाचे मोठे झालो. मराठी वाचणाऱ्याला मात्र त्यात आठवडा दिसतो, नाहीतर कर्जाचा हप्ता. 'मी हफ्त्याला येऊ शकत नाही' याचा अर्थ त्याने 'आठवडाभर येऊ शकत नाही' असा घेतला, तर चूक त्याची नाही. आठवडाभर थांबायचं कशाला, म्हणून तो दुसऱ्याला घर दाखवून मोकळा होईल.

मग 'परवा'. हा शब्द दोन्ही भाषांत फसवा आहे. उर्दूत 'कल' म्हणजे गेलेला दिवसही आणि येणाराही, 'परसों'चंही तेच. मराठीने काल आणि उद्या वेगळे केले, पण 'परवा' मात्र दुतोंडीच ठेवला. इथे पुढचा दिवस हे वाक्यावरून कळतं, पण नेमका कोणता? माझ्या विद्यार्थ्याने शुक्रवारी रात्री लिहिलं, म्हणजे त्याचा परवा रविवार. घरमालक वयस्क, लवकर झोपणारा असेल आणि त्याने मेसेज शनिवारी सकाळी वाचला, तर त्याचा परवा सोमवार. हा रविवारी मोशीत दाराशी उभा राहणार, तो सोमवारी वाट बघत बसणार, आणि दोघांनाही वाटणार की समोरचा शब्दाचा कच्चा आहे.

आणखी एक गोष्ट. मेसेजमध्ये कोण लिहितोय आणि कोणत्या घराबद्दल, याचा पत्ताच नव्हता. त्या घरमालकाला आठवड्यात पाचसहा अनोळखी नंबरांवरून विचारणा झाली असेल. त्यातला हा कोण, हे त्याने कसं ओळखायचं?

मी त्याला फोन लावला. म्हटलं, "विनंतीपत्र आठवतं का?" हसला. आठवी ते दहावी आम्ही ते घोटून घेतो : वर तारीख, मग प्रति, विषय, महोदय, आणि शेवटी आपला नम्र. फोनवर हे सगळं लिहिलं तर हास्यास्पद दिसेल. पण त्या पत्राचा सांगाडा कामाचा आहे : मी कोण, कोणत्या कामाबद्दल, काय अडलं, काय हवं. हे चार प्रश्न सुटले की मेसेज झाला.

पहिल्याच प्रश्नावर तो अडला. "सर, पूर्ण नाव लिहू? एजंट म्हणाला होता, सध्या नुसतं घरातलं नाव सांग."

मी लगेच उत्तर दिलं नाही. बी.एड.च्या दिवसांत मीही एका शहरात खोली शोधत होतो. फोनवर मी फक्त 'मलकापूरचा, बी.एड. करतोय' एवढंच सांगितलं होतं. तीन मजले चढून गेलो. खोली दाखवली, खिडकी दाखवली, पाण्याची वेळ सांगितली. मग नाव विचारलं. मी सांगितल्यावर गृहस्थ एकदम आठवल्यासारखे म्हणाले, की खोली तर कालच दुसऱ्याला दिली. मी खाली उतरलो. त्यांच्यावर राग आला होताच, पण स्वतःवर जास्त आला. जे नाव शेवटी सांगावं लागणारच होतं, ते मी आधी का दडवलं?

आणि ते सांगावं लागतंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. ती जबाबदारी घरमालकावर आहे. त्या करारात पूर्ण नाव येणार, आधार कार्ड लागणार. म्हणून मी त्याला म्हटलं, "पहिल्या ओळीत पूर्ण नाव लिही. ज्याला नाही म्हणायचं आहे तो आजच म्हणेल. तुझा रिक्षाचा खर्च वाचेल, सुट्टीचा दिवस वाचेल, आणि तीन मजले उतरताना जे वाटतं तेही वाचेल." तो गप्प राहिला, मग म्हणाला, "ठीक आहे सर."

कारण किती लिहायचं, हा पुढचा प्रश्न. त्याच्या मनात होतं की ड्युटीऐवजी 'तब्येत बरी नाही' लिहावं, ते जास्त वजनदार वाटतं. मी नको म्हटलं. एक तर ते खोटं. दुसरं, नव्या भाडेकरूच्या आजारपणाची बातमी कोणत्या घरमालकाला आवडेल? उलट कंपनीने अचानक दुपारची पाळी लावली यातून हेच कळतं की मुलगा खरोखर नोकरीला आहे, म्हणजे भाडं वेळेवर येईल. खरं कारण एका वाक्यात पुरतं. पाचसहा वाक्यांचं झालं की ते बहाण्यासारखं वाटू लागतं.

मग नवा दिवस. 'चालेल ना?' मध्ये आपण आधीच ठरवून टाकलंय असा सूर येतो. बदल आपल्यामुळे होतोय, तर निवड त्याच्या हातात द्यावी. पण 'तुम्ही म्हणाल तेव्हा येतो' हेही लिहू नये. त्याची दुपारची पाळी तीनला सुरू होणार होती. घरमालकाने संध्याकाळी सहा सांगितले असते तर पुन्हा माफी मागायची वेळ आली असती, आणि दुसऱ्यांदा वेळ बदलणाऱ्याला कोणी घर देत नाही. म्हणून ज्या पाळता येतील अशाच दोन वेळा लिहायच्या. वार, तारीख आणि सकाळ की दुपार, तिन्ही लिहायचं.

संबोधनावरही थोडं अडलं. उर्दूतला रोजचा 'आप' आमची मुलं मराठीत 'आपण' करतात. 'आपण रविवारी घर बघू' असं लिहिलं की मराठी माणसाला ते 'तू आणि मी मिळून' असं वाटतं. मराठीत 'तुम्ही' पुरेसं आदराचं आहे. घरमालक निवृत्त, साठी ओलांडलेले, फोनवर त्याने त्यांना काका म्हटलं होतंच, तेच ठेवलं. सलामच्या जागी नमस्कार लिहिला, कारण अभिवादन ऐकणाऱ्याच्या भाषेत केलं की ते लवकर पोचतं.

"आणि सर, इन्शाअल्लाह काढू?" हे त्याने जरा दबकत विचारलं. मी म्हटलं, काढायची गरज नाही. फक्त वेळेच्या जागी ते लिहू नकोस. नुसतं 'इन्शाअल्लाह येतो' म्हटलं तर ज्याला सवय नाही त्याला ते 'जमलं तर बघू' असं वाटतं. आधी वेळ पक्की लिही, मग अल्लाहचं नाव घे.

शेवटी मेसेज असा झाला. सुरुवातीला त्याचं पूर्ण नाव होतं, ते इथे देत नाही :

"नमस्कार काका. मी (पूर्ण नाव), मलकापूरचा, चाकणला कंपनीत कामाला आहे. मोशीतला तुमचा वन बीएचके बघायला मी उद्या, शनिवारी 14 जूनला दुपारी 4 वाजता येणार होतो. आज संध्याकाळी कंपनीने उद्यासाठी दुपारची पाळी लावली, म्हणून उद्या येता येणार नाही. तुम्हाला त्रास होतोय, माफ करा. रविवारी 15 जूनला सकाळी 11 किंवा मंगळवारी 17 जूनला सकाळी 10, यांपैकी कोणती वेळ तुम्हाला सोयीची आहे? त्याआधी घर दुसऱ्या कोणाला द्यायचं ठरलं तर कृपया कळवा."

'भाडं थोडं कमी होईल का' हे त्याला शेवटी जोडायचं होतं, ते मी काढायला लावलं. एका मेसेजमध्ये एकच मागणी. आणि बजावलं, की तोपर्यंत घर धरून ठेवायला टोकन पाठव असं एजंटने वा कोणी म्हटलं तर घर बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नकोस. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. म्हटलं, आताच पाठव, उद्या दुपारपर्यंत थांबू नकोस. ज्या घडीला कळलं त्या घडीला कळवावं. रात्री फोन करू नकोस, पण सकाळी नऊपर्यंत वाचल्याची खूण दिसली नाही तर एक फोन कर.

फोन करावा लागला नाही. सकाळी सातला उत्तर आलं : "ठीक आहे. रविवारी 11 ला या. गेटवर नाव सांगा." त्यावर त्याने लिहिलं, "रविवारी 11 ला पोचतो काका, इन्शाअल्लाह."

हे उत्तर त्याने मला पाठवलं तेव्हा 'गेटवर नाव सांगा' या तीन शब्दांवर माझी नजर थांबली. लिहिणाऱ्याने ते सहज लिहिलं असणार.

ते घर त्याने घेतलं नाही, अनामत रक्कम झेपणारी नव्हती. काकांनी चहा दिला आणि रक्कम कमी करायला नकार दिला, दोन्ही सारख्याच शांतपणे. दोन महिन्यांनी त्याला दुसरीकडे खोली मिळाली. पण तो मेसेज त्याने आपल्या भागातून आलेल्या आणखी तीन मुलांना दिला. त्यातल्या नांदुऱ्याच्या एकाने नाव, गाव सगळं नीट बदललं, तारीख तेवढी विसरला. जुलैच्या शेवटी त्याच्या घरमालकाचं उत्तर आलं : "15 जून तर होऊन गेला. पुढच्या वर्षी येणार का?"

आता नव्या वर्गाला पत्रलेखन शिकवताना मी फळ्यावर वर कोपऱ्यात आधी तारीख लिहितो, आणि ती का लिहायची हे नांदुऱ्याच्या मुलाची गोष्ट सांगून समजावतो.