टोस्ट, पण पाण्याचा



आपल्याकडे टोस्ट म्हटलं की चहात बुडवून खायचा तो. त्यामुळे माझ्या मामेभावाने हाँगकाँगहून फोन करून "अक्का, रिसेप्शनला टोस्ट तू द्यायचास" असं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "किती पुडे आणू?" तो हसला आणि मग गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आई-बाबा नाहीत. आपल्याकडून उभं राहायला मोठं माणूस तूच आहेस."

हा आमचा सगळ्यात धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा 19 वर्षांनी लहान. लग्नच करणार नाही असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. मग पंचेचाळिशीत त्याने तिथल्याच एका चिनी मुलीशी लग्न ठरवलं. मुलगीही एकेचाळीसची, शांत, हिशेबनीस. तिची आजी नव्वदीच्या घरातली, कॅन्टोनीजशिवाय एक शब्द कळत नाही. भावाची इच्छा अशी, की आजीला कळेल असं चार शब्द तरी तिच्या भाषेत बोल. मी हो म्हणून बसले.

शिकवणी फोनवरून. होणारी भावजय एकेक वाक्य बोलून पाठवायची, मी म्हणून परत पाठवायची. तिने पहिल्यांदा इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं आणि तिथेच घोळ झाला. कागदावर 'बी' लिहिलेलं आणि तिच्या तोंडून येत होता स्वच्छ 'प'. 'डी' लिहिलेलं, ऐकू येत होता 'त'. मग मी तो कागद बाजूला ठेवून वहीत देवनागरीत लिहायला घेतलं. प आणि फ, त आणि थ, च आणि छ यांतला फरक त्या भाषेत पक्का आहे आणि तो आपल्याला बाराखडीपासून येतो. भावजय म्हणाली, आमच्या ऑफिसातल्या गोऱ्या लोकांपेक्षा तुमचं बरं आहे!

पण देवनागरीत एक गोष्ट मावत नाही, ती म्हणजे सूर. त्या भाषेत एकच अक्षर वरच्या, मधल्या, खालच्या सुरात म्हटलं की अर्थ बदलतो. लग्नातला सगळ्यात ठरलेला आशीर्वाद आहे 'पाक निन होउ हाप', म्हणजे शंभर वर्षं गोडीने नांदा. यातला 'पाक' मधल्या सुरात, म्हणजे शंभर. दुसरा आशीर्वाद 'पाक थाउ तोउ लोउ', डोकी पांढरी होईपर्यंत एकत्र म्हातारे व्हा. यातला 'पाक' खालच्या सुरात, म्हणजे पांढरा. मी वहीत अक्षराखाली आडव्या रेघा ओढल्या, एक मधे, एक खाली. तिसरा आशीर्वाद 'विंग कित थुंग सम', कायमची गाठ, एकच मन. गंमत बघा, त्यांच्याकडे चार हा आकडा अशुभ, कारण चार आणि मरण हे दोन्ही शब्द 'सेइ', फरक फक्त सुराचा. पण आशीर्वाद मात्र सगळे चार-चार अक्षरांचे.

आता विनोदाचं. टोस्टमध्ये थोडं हसवायचंही असतं. मी आपल्या पद्धतीने लिहिलं होतं, "भाऊराया, आजपासून तुझं स्वातंत्र्य संपलं." लग्नाच्या दोन दिवस आधी आम्ही तिथे पोचलो, तेव्हा भावजयीने मला 'ताइ खाम चे' बाईंसमोर बसवलं. ताइ खाम चे म्हणजे पैसे देऊन ठरवलेली पाठराखीण. नवरीचा पदर सांभाळावा तशी ती दिवसभर तिच्यामागे असते, चहाच्या विधीला थोरांच्या हातात पेले देते आणि प्रत्येक पावलाला शुभ शब्दांची लड म्हणत राहते. साठीच्या त्या बाईंनी माझा मजकूर भावजयीकडून समजून घेतला आणि 'संपलं' वर पेन्सिल मारली. लग्नात संपणं, तुटणं, पांगणं, उशीर, चार, काही म्हणायचं नाही.

मला यात नवल वाटलं नाही. आपण तरी कुठे बांगडी फुटली म्हणतो? वाढवली म्हणतो. दुकान बंद केलं नाही, वाढवलं. निघताना जाते नाही, येते. त्यांचंही तसंच. पंचांगाला पूर्वी जो शब्द होता त्यात पुस्तकाला 'स्यू' म्हणत, आणि हरण्यालाही तोच उच्चार. म्हणून नाव बदलून 'थुंग सिंग' केलं, 'सिंग' म्हणजे जिंकणं. पेला उंचावताना उत्तरेकडचे चिनी जे म्हणतात त्याचा अर्थ 'पेला कोरडा करा'. कॅन्टोनीज माणूस लग्नात कोरडं कशाला म्हणेल? तो म्हणतो 'याम सिंग', पिऊन जिंका. 'याम' मात्र सगळा हॉल मिळून श्वास पुरेल तितका लांबवतो.

बाईंनी विनोदाचा नियम सांगितला, तो मला फार पटला. सुरुवात शुभ, शेवट शुभ, हसणं मधे. आणि हसण्याचं शेवटचं वाक्यही आशीर्वादच असलं पाहिजे. थट्टा नवऱ्याची करा, नवरीची नको. मग माझी गोष्ट अशी ठरली. लहानपणी हा मला भाऊबीजेला 5 रुपये ओवाळणी घालायचा आणि दुसऱ्या दिवशी 10 उसने मागायचा. मी बी.कॉम. झाले ती याचं खातं सांभाळायला. आजपासून ते खातं नवरीबाईंकडे सोपवते. एवढं साध्या इंग्रजीत बोलायचं, नवरीच्या मावसबहिणीने भाषांतर करायचं, आणि शेवटचं वाक्य मी कॅन्टोनीजमध्ये टाकायचं, 'थेंग लोउ-फो वा, वुइ फात-तात'. बायकोचं ऐकेल त्याची भरभराट होईल. ही तिथली घरोघरची म्हण आहे. थट्टाही झाली, आशीर्वादही झाला.

दोन गोष्टी मात्र विनोदाने सुटणाऱ्या नव्हत्या.

पहिली, चौथा आशीर्वाद. 'चोउ सांग क्वाइ ची', लवकर गुणी पुत्र होवो. हा लग्नात हमखास म्हणतात. चहाच्या विधीला लाल बोरं आणि कमळाच्या बिया घालतात, त्यातही हाच अर्थ दडलेला. शिकवणी चालू असताना मी भावजयीला विचारलं होतं, हाही म्हणू का? बाकी सगळ्याला तासाभरात उत्तर यायचं, याला दोन दिवस आलं नाही. मग एक ओळ आली, "तेवढं नसलं तर चालेल का?"

मैत्रिणींनो, मला लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं. वाकून नमस्कार केला की 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' कानावर यायचं. म्हणणाऱ्या बायका मायेच्याच होत्या, पण मी पदराआड डोळे पुसायची. मी तिला लगेच लिहिलं, "खोडलं." कारण विचारलं नाही. त्या जागी पांढऱ्या डोक्यांचा आशीर्वाद घेतला, तो कोणत्याही वयाच्या जोडप्याला चालतो. ताइ खाम चे बाईंनीही मजकूर वाचून मान हलवली, चौथा कुठे म्हणून विचारलं नाही.

दुसरी गोष्ट माझ्या नेमाची. मद्य, मांस, मधु यांचा त्याग तर आपल्या मूलगुणांतच. शिवाय मी सूर्यास्तानंतर उकळलेल्या पाण्याशिवाय काही घेत नाही. आणि त्यांच्याकडे टेबलावर 12 जण बसवून पहिलं ताट येईपर्यंत रात्रीचे साडेआठ. जेवण मी खोलीवर उजेडात उरकणार होते, त्याची चिंता नव्हती. पण हातात पेला घेऊन 'याम सिंग' म्हणायचं आणि प्यायचं नाही, किंवा प्याल्याचं नाटक करायचं, हे दोन्ही मला जड जात होतं. बाई म्हणाल्या, दारूऐवजी चहा घेणाऱ्यासाठी भाषेत शब्द तयार आहेत, 'यी छा तोइ चाउ', मद्याच्या जागी चहा. असं उघड म्हणून चहा घेतला तर कुणाचा मान जात नाही. उलट टेबलोटेबली फिरणारे कितीतरी नवरेच पेल्यात ब्रँडीच्या रंगाचा चहा घालून फिरतात, फक्त सांगत नाहीत!

मी म्हटलं, बाई, रात्री चहाही नको. फक्त ऊन पाणी.

त्या क्षणभर थांबल्या. मग मांडीवर थाप मारून हसल्या. पाण्याला कॅन्टोनीजमध्ये म्हणतात 'सोइ', आणि बोलीत पैशालाही 'सोइ'च म्हणतात. कोरडं अशुभ ते म्हणूनच. एक अक्षर बदला, 'यी सोइ तोइ चाउ', मद्याच्या जागी पाणी. तुमच्या हातात पाणी म्हणजे मुलांच्या घरात लक्ष्मी. आणि तिथे हॉटेलात ऊन पाणी मागितलं तर कुणी नवलाने बघतही नाही, सगळे म्हातारे तेच पितात.

रिसेप्शनच्या रात्री उभी राहिले तेव्हा हातातली वही थरथरत होती. 'ताइ का होउ', सगळ्यांना नमस्कार, म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यात दुसरं वाक्य विसरले. गोष्ट मात्र जमली. 'लोउ-फो' शब्द आला तसे सगळे नवरे मोठ्याने हसले आणि सगळ्या बायका त्यांच्याकडे बघायला लागल्या. मग पेला वर धरून सांगितलं, 'यी सोइ तोइ चाउ'. हॉलमधून 'होउ!' असा आवाज आला. शंभर वर्षं झाली, एक मन झालं आणि पांढरी डोकी म्हणताना घाईत माझा 'पाक' वर चढला. म्हणजे मी त्यांना शंभर डोकी होईपर्यंत म्हातारे व्हा असा आशीर्वाद दिला. रावणाच्याही पुढे!

पुढच्या टेबलावरची आजी तोंडावर हात ठेवून हसत होती. मग तिने तो हात खाली आणला, अगदी टेबलाला टेकेपर्यंत, आणि खालच्या सुरात हळूच म्हटलं, "पाक." मी तिच्यामागे म्हटलं, "पाक थाउ तोउ लोउ." तिने मान डोलावली. मग सगळ्यांनी मिळून तो लांबलचक 'याऽऽऽम सिंग' केला. माझा श्वास निम्म्यातच संपला.

नंतर मी नमस्काराला गेले तेव्हा आजीने माझा पेला हातात घेऊन वास घेतला. खरंच पाणी आहे याची खात्री पटल्यावर तिने आपला पेला पुढे केला. त्यातही ऊन पाणीच होतं.