ओकेवरची टिकली

कारंज्याजवळच्या आमच्या गावी आजीकडे स्मार्टफोन होता, पण आलेला कॉल उचलायला स्क्रीनवर बोट सरकवावं लागतं. शेतात घासलेली कोरडी बोटं स्क्रीनला कळत नाहीत, त्यात हात कापतो. "माह्या बोटाले हा फोन वयखतच नाई," ती म्हणायची. टीव्हीचा रिमोट मात्र ती न बघता चालवते, कारण त्याची बटणं हाताला लागतात. म्हणून दिवाळीत मी पुण्याहून जाताना वेबकॅम घेऊन गेलो.

कॅमेरा टीव्हीच्या यूएसबीत लावला, तर चित्र काळं. तोच लॅपटॉपला लावला, तर नीट दिसलं. म्हणजे कॅमेरा चांगला होता, टीव्हीची सिस्टीमच त्याला ओळखत नव्हती. शेवटी काकांच्या घरचा अँड्रॉइड टीव्ही आणून पाहिला, त्यावर लगेच चित्र आलं. म्हणून कॅमेरा विकत घेण्याआधी कुणाचा तरी मागून आणून आपल्या टीव्हीवर लावून बघावा. काकांनी टीव्ही आजीकडेच ठेवला.

मग अ‍ॅप. चुलतभावाने फोनचं अ‍ॅप पेन ड्राइव्हमधून टाकलं. ते उघडलं, पण रिमोटचे बाण दाबले तरी चौकट हलेना, कारण ते बोटासाठी बनलेलं होतं. टीव्हीवरच्या प्ले स्टोअरमध्ये शोधलं की टीव्हीसाठी बनलेलीच अ‍ॅप दिसतात. गूगलने 2020 मध्ये ड्युओ टीव्हीवर आणलं, ते असंच, बाण आणि ओकेवर चालणारं. आम्ही तसंच एक घेतलं, होमच्या ओळीत पहिलं ठेवलं आणि त्यात तीनच नावं ठेवली.

पलंग टीव्हीपासून नऊ फुटांवर. वेबकॅम टेबलावर समोर बसलेल्या माणसासाठी असतो. एवढ्या लांबून आजी-आबाजी बाहुल्यांएवढे दिसत आणि टीव्हीचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकमध्ये शिरून मला माझंच बोलणं परत ऐकू येई. तीन मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन कॅमेरा पलंगाजवळच्या स्टुलावर, टीव्हीच्या रेषेतच ठेवला आणि टीव्हीचा आवाज कमी केला. मागची खिडकी लावून घेतली, तेव्हा कुठे चेहरे उजळले.

ओकेच्या बटणावर आजीने स्वतःची टिकली चिकटवली. होम, टिकली, पुन्हा टिकली, की पहिलं नाव म्हणजे मला कॉल लागतो.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. टीव्ही बंद असला की आमचा कॉल तिकडे वाजतच नाही. म्हणून ठरलं, कॉल त्यांनीच करायचा. आधी आम्ही वेळ मिळेल तेव्हा फोन करायचो आणि ते वाट बघत बसायचे. आता सकाळी सातला, मी अर्धवट झोपेत असताना आजी कॉल लावते. आबाजी विचारतात, "जेवला का रे काल?" बोलणं संपलं की मी 'ठेवू का' म्हणायच्या आत ती टिकली दाबून मोकळी होते.