‘मावशीकडे’ आणि ‘मावशीला’

मल्लेश्वरम, बंगळूर

चि. छकुली,


तुझी इटालियन वाक्यं वाचली. इंग्रजी उताऱ्यात सगळीकडे ‘गो टू’ आहे, म्हणून तूही सगळीकडे ‘आ’ लावून मोकळी झालीस. ‘वादो आ बेंगलोर’ बरोबर आहे, पण ‘वादो आल्ला त्सीआ’ वाचून मला हसू आलं. त्यात मी तुझी मावशी राहिलेच नाही, एखादं स्टेशन झाले!

इंग्रजी बाजूला ठेव आणि तेच मराठीत म्हण. ‘उद्या बंगळूरला जाणार, मावशीकडे. आधी बँकेत जाईन, मग डॉक्टरकडे. सप्टेंबरात इटलीला, मिलानला.’ आपण ‘मावशीला जाते’ कधी म्हणत नाही. माणसाकडे जायचं तर ‘कडे’ लागतो, आणि इटालियनला तिथे ‘दा’ लागतो. इथले लोकसुद्धा कन्नडमध्ये बंगळूरला ‘बेंगळूरिगे’ म्हणतात, पण डॉक्टरकडे जायचं असलं की ‘डॉक्टर हत्र’, म्हणजे डॉक्टरजवळ. तेव्हा तुझं वाक्य असं होईल: ‘दोमानी वादो आ बेंगलोर, दाल्ला त्सीआ. प्रीमा वादो इन बांका, पोई दाल मेदिको. आ सेत्तेम्ब्रे वादो इन इतालिया, आ मिलानो.’

‘माझ्या मावशीकडे’ म्हणायचं तर ‘दा मिआ त्सीआ’. एकवचनी नात्याआधी ‘माझी’ आलं की उपपद गळतं, म्हणून तिथे ‘दाल्ला’ नको.

‘आ’ माणसाला चालतच नाही असं मात्र समजू नकोस. मावशीला पत्र लिहिते, मावशीला फोन करते, इथे ‘आ’च येतो: ‘स्क्रीवो आल्ला त्सीआ’, ‘तेलेफोनो आल्ला त्सीआ’. पत्र मावशीला, जाणं मावशीकडे. आणि मावशीकडे जाऊन राहिलीस तरी ‘दा’च: ‘आबितो दाल्ला त्सीआ’. इथवर मराठी तुला हाताला धरून नेते.

पण ‘कडे’वर डोळे मिटून विसंबू नकोस. ‘स्टेशनकडे निघाले’ यात ‘कडे’ म्हणजे नुसती दिशा. तिथे इटालियनमध्ये ‘व्हेर्सो’ येईल, ‘दा’ नाही. ‘मावशीकडे बघते’ याला तर शब्दयोगी अव्ययच लागत नाही: ‘ग्वार्दो ला त्सीआ’. कडेआधी माणूस आहे आणि क्रियापद जाण्यायेण्याचं किंवा राहण्याचं आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच ‘दा’ घाल. धंदेवाल्यांचंही तसंच. औषधवाल्याकडे गेलीस तर ‘दाल फार्माचीस्ता’, औषधाच्या दुकानात गेलीस तर ‘इन फार्माचीआ’.

मराठीची मदत संपते ती देशांपाशी. आपण मिलानलाही ‘ला’ लावतो आणि इटलीलाही. इटालियनमध्ये गावाला ‘आ’, देशाला ‘इन’. अनेकवचनी नावाच्या देशाला उपपदही जोडावं लागतं, म्हणून अमेरिकेला ‘नेल्यी स्ताती उनीती’. बेटांचा हिशेब निराळा. सिसिली मोठी, म्हणून ‘इन सिचीलिया’. काप्री लहान, म्हणून ‘आ काप्री’. पण क्यूबा देश असूनही ‘आ कूबा’, आणि मालदीवला ‘आल्ले माल्दीवे’. आपला गोवा नकाशावर राज्य आहे, पण इटालियन माणूस ‘आ गोआ’ म्हणतो, जणू ते एक गावच. इथे तर्क लढवत बसू नकोस, नाव आणि त्याचं अव्यय जोडीनेच पाठ कर.

इमारतींचंही तसंच: ‘इन बांका’, ‘इन उफ्फीचो’, पण ‘आ स्क्वोला’, ‘आ कासा’, ‘आल्ला स्तात्स्योने’. यात मला तरी एक सूत्र सापडलेलं नाही. एवढं मात्र पक्कं की नाम नेमकं केलंस की उपपद परत येतं: नुसतं ऑफिसात ‘इन उफ्फीचो’, पण संचालकांच्या ऑफिसात ‘नेल्लउफ्फीचो देल दिरेत्तोरे’.

आता सगळ्यात अडचणीची जागा. ‘दा’चा अर्थ ‘कडून’ किंवा ‘हून’ असाही होतो. ‘वेंगो दा बेंगलोर’ म्हणजे बंगळूरहून येते, यात गोंधळ नाही, कारण गावाकडे जायला ‘दा’ वापरतच नाहीत. पण ‘तोर्नो दा मारिया’? मारियाकडे परत चालले, की मारियाकडून परत येते? मराठीत ‘कडे’ आणि ‘कडून’ वेगळे आहेत. इटालियनमध्ये पुढचंमागचं वाक्य बघून ठरवायचं. भाषांतरात शंका राहू द्यायची नसेल तर मध्ये घर घाल. ‘तोर्नो आ कासा दी मारिया’ म्हणजे तिच्या घरी, ‘तोर्नो दा कासा दी मारिया’ म्हणजे तिच्या घरून. घर आलं की माणूस मागे सरतो आणि ‘आ’ला जागा मिळते.

उतारा पुन्हा करून पाठव. आजीकडे, पोस्टात आणि श्रीलंकेला जाण्याची तीन वाक्यंही त्यात घाल.

तुझी,
मावशी