कापलेली कड

फर्निचरच्या दुकानात ‘प्लाय’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. लाकूड नसलेले, पण लाकडासारखे दिसणारे जे जे काही असेल, ते सारे प्लाय. वरून सागवानी छापाचा गुळगुळीत थर चढवला की आत काय आहे, ते सांगण्याची सोय उरत नाही. ते कळते फक्त जिथे करवत फिरली तिथे, म्हणजे कापलेल्या कडेवर.

2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली; हसनाळ, रावणगाव या गावांत पाणी शिरले, माणसे गेली. आमच्या भाच्याच्या घरात त्या मानाने थोडेच, वीतभर पाणी आले. पण कपाटाचे पाय फुगून पावासारखे झाले, दार लागेना. नवे कपाट घ्यायला तो मुखेडच्या एका दुकानात गेला आणि तिथून त्याने फोटो पाठवला. सोबत प्रश्न : “मामा, दुकानदार प्लाय हाय म्हनतोय. खरंच हाय का?”

पहिल्या फोटोतून काही कळण्यासारखे नव्हते. त्याने दाराची कड टिपली होती आणि दाराच्या कडेला नेहमीच प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर लाकडाच्या रेषाही छापलेल्या असतात. आम्ही त्याला कळवले की कपाट भिंतीपासून थोडे ओढ, आणि बाजूच्या फळीची मागची किंवा खालची कड पाहा, तिथे पट्टी लावण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही. कड फडक्याने पूस, कारण भुसा बसला की सगळेच सारखे दिसते. फ्लॅश नको, उजेड तिरपा येऊ दे.

दुसरा फोटो वाचण्याजोगा आला. प्लाय असते तर कडेवर, फळीच्या लांबीला समांतर, आळीपाळीने फिक्या आणि गडद रेघा दिसल्या असत्या. प्लायमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. एका थरातले तंतू कडेबरोबर धावतात, पुढच्या थरातले आपल्याकडे तोंड करून उभे राहतात, म्हणून रंग बदलतो. एमडीएफ असते तर रेघही नाही आणि कणही नाही, जाड दाबलेल्या पुठ्ठ्यासारखी एकसंध तपकिरी कड दिसली असती. इथे मधोमध लाकडाच्या लहानमोठ्या कपच्या होत्या, त्यांच्यामध्ये बारीक काळ्या फटी होत्या, आणि वरखाली दोन्ही बाजूंना तीच रचना बारीक होत गेली होती. हा पार्टिकल बोर्ड, ज्याला आपले सुतार सरळ ‘भुशाचा बोर्ड’ म्हणतात.

भाच्याला ते पटले नाही. “पण तीन थर दिसतेत की!” शंका रास्त होती. पार्टिकल बोर्डात वरखाली बारीक कण आणि मध्ये जाडे असल्याने तीन थरांचा भास होतो. फरक सीमारेषेत आहे : प्लायमध्ये दोन पापुद्र्यांमधली रेघ स्पष्ट, सलग असते, इथे बारीक हळूहळू जाडे होते, रेघ मारता येत नाही. उलट, फोटो हलला किंवा पाठवताना दाबला गेला की याच कपच्या विरघळून बोर्ड एमडीएफसारखा वाटू लागतो. म्हणून फोटो जवळून घ्यावा आणि फळीची पूर्ण जाडी त्यात मावावी. अंधुक चित्रावरून निवाडा न दिलेला बरा. (हे संहितांनाही लागू आहे, पण तो विषय वेगळा.)

दुकानदाराला त्याने फोटो दाखवला, तेव्हा तो काही रागावला नाही. “या भावात प्लाय कुठून येणार?” एवढेच म्हणाला. त्याचेही खरेच. कोरड्या, वरच्या खोलीत हलक्या कपड्यांसाठी हे कपाट वर्षानुवर्षे टिकले असते. प्रश्न जमिनीचा होता. पाणी आत गेले की दाबून बसवलेल्या कपच्या फुगतात, एकमेकींची पकड सोडतात. वाळल्यावर फळी पूर्वीच्या जाडीला परत येत नाही आणि तिच्यातला स्क्रूही धरत नाही. एमडीएफही कडेने पाणी पिऊन असाच फुगतो.

भाच्याने शेवटी सुताराकडून प्लायचे कपाट करून घ्यायचे ठरवले. चार दिवसांनी सुताराच्या दारातून तिसरा फोटो आला. रेघा स्वच्छ होत्या. एका थरात मात्र तांदळाएवढी पोकळी होती. अशी एखादी पोकळी चालते, पण ती बिजागरीच्या जागी येऊ देऊ नये, तिथे स्क्रूला धरायला काही मिळत नाही, असे आम्ही कळवले.

पण या प्लायला पाणी सोसेल का, ते फोटो सांगत नव्हता. पापुद्रे कोणत्या सरसाने जोडले आहेत, ते कडेवर दिसत नाही. साधे प्लायही पुरात थराथराने सुटते. त्यासाठी फळीच्या अंगावरचा शिक्का पाहावा लागतो : आयएस 303 आणि पुढे एमआर असेल, तर ते फक्त दमटपणा सोसणारे, आयएस 710 असेल, तर मरीन प्लाय, पाण्याला अधिक दाद न देणारे आणि अर्थातच महाग. भाच्याच्या फळीवर एमआर होते. त्याने फळी बदलली नाही. कपाटाखाली वीतभर उंचीचा लोखंडी चौथरा बसवून घेतला.