मराठी तीस, इंग्रजी चाळीस

सत्तर-ऐंशीच्या दशकात नोकरीचा अर्ज एका फुलस्केपात मावायचा. वर 'महोदय', मग एसएससीचे गुण आणि सगळ्यांत वजनदार ओळ: टंकलेखन मराठी 30, इंग्रजी 40. म्हणजे मिनिटाला तितके शब्द. सरकारी परीक्षेचं प्रमाणपत्र मागे टाचलेलं असे आणि शंका आली तर साहेब तिथंच मशिनसमोर बसवत. शेवटी 'मी कष्टाळू व प्रामाणिक आहे' हेही यायचं, पण रीत म्हणून. गल्लीतल्या टायपिंग क्लासात घालवलेल्या सगळ्या संध्याकाळी त्या दोन आकड्यांत असत, म्हणून त्या अर्जांबद्दल मला आजही जिव्हाळा वाटतो.

आता जागा भरपूर आहे. लिंक्डइनच्या 'अबाउट'मध्ये 2,600 अक्षरं मावतात. मात्र न उघडता दिसतात त्या पहिल्या काही ओळीच आणि नेमक्या तिथंच 'पॅशनेट, डायनॅमिक, हार्डवर्किंग' येऊन बसतात. माझ्या पुतणीचंही तसंच होतं. कोल्हापूरजवळच्या एका कास्टिंग कारखान्यात ती पाच वर्षं अकाउंट्स पाहते.

"हार्डवर्किंग म्हणजे तू नक्की काय करतेस?" मी विचारलं.

"काका, चौदा तारखेला जीएसटीचं 2बी येतं आणि वीसच्या आत 3बी भरायचं असतं. मधल्या दिवसांत खरेदीची सगळी बिलं 2बीशी जुळवते. पुरवठादारानं बिल चढवलं नसेल तर फोन करून चढवून घेते, नाहीतर आपलं क्रेडिट अडकतं. आधी हे वर्षाअखेरीस व्हायचं."

शब्दाच्या जागी लिहायचं ते हेच होतं. बिलं महिन्याला किती, हे तिनं रजिस्टर उघडून मोजलं. 'डायनॅमिक'मागे जुन्या टॅलीतून टॅलीप्राइमवर खाती हलवण्याचं काम निघालं. ते दोघांनी केलं होतं, म्हणून तिनं फक्त स्वतःचा वाटा लिहिला: सुरुवातीच्या शिलका तपासणं. 'पॅशनेट'मागे दाखवण्यासारखं काही सापडेना, तेव्हा तो शब्द सरळ काढला. नवी सुरुवात अशी झाली:

'कास्टिंग कारखान्यात पाच वर्षं अकाउंट्स. दरमहा सुमारे 180 खरेदी बिलं 2बीशी जुळवून 3बी मुदतीत भरते. पूर्वी वर्षाअखेरीस होणारी ही जुळवणी आता दर महिन्याला होते.'

पुरवठादारांची नावं आणि कारखान्याची उलाढाल मात्र तिनं कटाक्षानं बाहेर ठेवली, कारण ती माहिती मालकाची. अडकलेलं किती क्रेडिट सुटलं, तो आकडा लिहायचा मोह तिला झाला होता. पण त्याची नोंद कुठंच ठेवलेली नव्हती. मुलाखतीत 'कसा काढला?' असं विचारलं तर उत्तर देता आलं नसतं, म्हणून तोही गाळला. या महिन्यापासून ती त्यासाठी एक्सेलमध्ये वेगळा रकाना ठेवते आहे.