इस्लाह, सरका आणि एक चिठ्ठी

गेल्या वर्षीची एक चूक आम्हाला अजून टोचते, म्हणून आधी तीच सांगतो.

अंबाजोगाईतल्या आमच्या लहानशा साहित्य मंडळाची कथास्पर्धा होती. एका वस्तीवरून एका मुलीची कथा आली. आईवडील दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे, घरची बोली दखनी आणि कथेतले मराठी मात्र घोटीव, व्याकरणाची चूक म्हणून सापडेना. आमच्यातल्या एका परीक्षकांना शंका आली. त्यांनी ती कथा मोबाइलवरच्या एका तपासणीच्या साधनात टाकली. साधनाने कौल दिला, हे यंत्राने लिहिले आहे. आम्ही कौल मानला आणि कथा बाजूला ठेवली.

पंधरा दिवसांनी ती वडिलांबरोबर आली. पिशवीतून तिने एक वही काढून टेबलावर ठेवली. एकच कथा चार वेळा लिहिलेली, भरपूर खाडाखोड, समासात दखनी शब्द आणि त्यांच्यापुढे मराठी शब्द. वडील एवढेच म्हणाले, "सर, इनेच लिखी सब. रातकू बैठके लिखती थी." आम्हाला वर मान करता येईना. बक्षिसे तर वाटून झाली होती.

म्हणून यंदाच्या स्पर्धेची घोषणा करताना आम्ही नियमांचा कागद नुसता वाचून दाखवला नाही. उभे राहून अर्धा तास बोललो.

आम्ही म्हणालो, मित्रांनो, हा प्रश्न मोबाइलबरोबर आलेला नाही. आपल्या उर्दू शायरीत याला जुने शब्द आहेत. दुसऱ्याची ओळ उघडपणे घेऊन तिच्यावर आपल्या ओळी बांधल्या तर ती तजमीन. दोघांना एकमेकांच्या नकळत एकच कल्पना, एकच ओळ सुचली तर तो तवारुद. आणि दुसऱ्याची ओळ गुपचूप आपली म्हणून खपवली तर तो सरका. मराठीत 'सरका' म्हणजे बाजूला व्हा. स्पर्धेतही त्याचा अर्थ तोच! सभागृह हसले.

मग आम्ही इस्लाहकडे वळलो. शागीर्द गझल लिहून उस्तादांकडे नेतो, उस्ताद शब्द बदलतात, कधी अख्खा मिसराच बदलतात. जौक १८५४ साली वारले, त्यानंतर बहादूरशहा जफरच्या कवितेला गालिब इस्लाह देत. हरगोपाल तफ्ता यांच्या शेरांवरची इस्लाह तर ते पत्रांतून पाठवीत. मग ही चोरी का नाही? कारण मैफलीत बसलेल्याला ठाऊक असे की हा कुणाचा शागीर्द आहे. मदत लपलेली नव्हती. आमचा सगळा नियम एवढ्यावर उभा आहे. मदत कोणाची, कितपत, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

यंत्राच्या मदतीचे आम्ही तीन कप्पे केले आहेत. पहिला कप्पा, न सांगता चालेल असा. मोबाइलवर टंकन केले, शब्दकोश पाहिला, ऱ्हस्वदीर्घ तपासून घेतले, तर कळवायची गरज नाही. दुसरा कप्पा, सांगून चालेल असा. तोंडाने बोलून मजकूर उतरवून घेतला, आपलाच उर्दू किंवा दखनी मजकूर यंत्राकडून मराठीत करवून मग स्वतः दुरुस्त केला, माहिती विचारली, काफियांची यादी मागितली, तर ते चिठ्ठीवर लिहायचे. कुणा माणसाने हात फिरवला असेल तर तेही इथेच. तिसरा कप्पा, सांगूनही न चालणारा. शेर, परिच्छेद, संवाद यंत्राने रचला आणि तो आपला म्हणून पाठवला, तर रचना स्पर्धेबाहेर.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही 'वारा, किनारा, सहारा' असा काफिया धरला. यंत्राने आणखी वीस शब्द दिले, त्यातला 'इशारा' तुम्ही उचलला आणि शेर स्वतः बांधला. हे शब्दकोशासारखेच झाले. चिठ्ठीवर लिहा, 'काफियांची यादी यंत्राकडून, शेर माझे.' आता दुसरा मिसरा जमेना म्हणून तुम्ही तो यंत्राकडून मागितला आणि जसाच्या तसा ठेवला. तो शेर तुमचा नाही, काढून टाका. पण यंत्राने दिलेला मिसरा पाहून 'असा नको' हे तुम्हाला कळले आणि तुम्ही वेगळाच लिहिलात तर? लिहिलेला मिसरा तुमचा, मात्र ही हकिकत चिठ्ठीत येऊ द्या.

मागच्या रांगेतून एक तरुण म्हणाला, "चाचा, खरं सांगितलं तर मार्क कापणार. मग कोण सांगेल?"

प्रश्न रास्त होता. आम्ही त्याला जपानचे सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये तिथले मानाचे आकुतागावा पारितोषिक रिए कुदान या लेखिकेला मिळाले. कादंबरीतला सुमारे ५ टक्के मजकूर चॅटजीपीटीचा जसाच्या तसा आहे, असे पारितोषिकानंतर त्यांनी स्वतःच सांगितले. पुढे त्यांनी खुलासा केला की कथेतले एक यंत्र उत्तरे देते, तिथे तो मजकूर आहे. पारितोषिक त्यांच्याकडेच राहिले, पण जगभर वाद झाला. हेच आधी सांगितले असते तर वाचकाने त्याच नजरेने वाचले असते. आमच्याकडे चिठ्ठी बंद पाकिटात राहील. परीक्षकांचे गुण पडल्यावरच ते पाकीट उघडेल. रचना तिसऱ्या कप्प्यातली निघाली नाही, तर गुणांना हात लागणार नाही.

तपासणीचे साधन मात्र यंदा वापरायचे नाही. हे आम्ही जरा सावकाश सांगितले, कारण ती मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती. ही साधने पुढचा शब्द किती अपेक्षित आहे हे मोजतात. सरळ, नेहमीचे शब्द वापरून नीट लिहिणारा माणूस त्यांना यंत्रासारखा वाटतो. परकी भाषा कष्टाने शिकलेला माणूस तर असाच जपून लिहितो. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ निबंध अशा ७ साधनांना दाखवले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक यंत्राचे ठरवले गेले. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीनेही आपले तपासणी साधन त्याच वर्षी जुलैत अचूकता कमी म्हणून मागे घेतले. आम्ही मात्र त्यानंतरही अशाच एका साधनावर विसंबलो. ही आमची चूक, असे आम्ही त्या दिवशी सर्वांसमोर म्हणालो.

मग शंका आली तर काय? कच्चा खर्डा जपून ठेवा, कागदावर असो की मोबाइलमध्ये. आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी जपलेली आहे. तुमची वही वर्षभर तरी जपा. गरज पडली तर दहा मिनिटे बोलू. हा शब्द का घेतला, आधी काय होते, काय खोडले, एवढेच विचारू. ज्याने लिहिले त्याला खोडलेले आठवते. बुजरे पोर गडबडेल हेही आम्ही जाणतो, म्हणून त्यावेळी घरचे कुणी जवळ बसले तरी चालेल.

एक गोष्ट मात्र नक्की तपासू. लेखात कुणाचा शेर किंवा वचन दिले असेल तर ते कोणत्या पुस्तकातले, ते लिहा. गालिबच्या नावावर भलतेच शेर फिरतात हे आपल्याला जुनेच आहे. यंत्रही नसलेला शेर आणि नसलेले पुस्तक तितक्याच ठामपणे सांगते. पुस्तक सापडले नाही तर ती ओळ काढायला लावू.

इतके करूनही जो बेमालूम खोटे लिहील, तो आमच्या हाती लागणार नाही. ते आम्ही कबूल केले. चिठ्ठीने चोर सापडत नाही. पण खाली सही करताना आपण काय करतो आहोत हे प्रत्येकाला कळते.

महिनाभराने पाकिटे आली. गुण पडल्यावर ती उघडली. एका चिठ्ठीवर ओळखीचे अक्षर होते. 'कथा मी लिहिली. मोबाइल वापरला नाही. दोन शब्द अम्मीने सांगितले, ते पान ३ वर आहेत.'

पान ३ काढून ते दोन शब्द आम्ही शोधले. दोन्ही दखनी होते. कथेत ते तसेच ठेवले होते.