सहीच्या आधीची शंका

तलाठी फेरफार नोंद घेतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. आमच्या महसुली कामातला हा फरक बाहेरून लहान दिसतो. तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या) हातून काही चुकलं, तर ते पकडायला वर कोणीतरी असतं. मंडळ अधिकाऱ्याच्या सहीनंतर मात्र नोंद सातबारावर चढते. कुणाचं नाव लागतं, कुणाचं कमी होतं, आणि त्या उताऱ्यावर बँक कर्ज देते. बिनहरकत नोंदीपुरता शेवटचा शब्द त्या सहीचा.

धर्माबाद तालुक्यात बरीच वर्षं तलाठी म्हणून काम केल्यावर माझी मंडळ अधिकारी पदावर बढती झाली. घरी पेढे वाटले गेले. गावातली माणसं ‘सर्कल मॅडम’ म्हणू लागली. आणि त्याच सुमारास मला वाटायला लागलं, की ही खुर्ची माझी नाही. कधीतरी कोणीतरी एखादा प्रश्न विचारेल आणि मला काही येत नाही हे सगळ्यांना कळेल. ई-फेरफारच्या संगणकावर नोंद उघडायची, डिजिटल सहीचं टोकन लावायचं आणि तिथंच थांबायचं. पुन्हा पहिल्या कागदापासून वाचायला घ्यायचं. दिवसा न झालेल्या फायली मी घरी नेऊ लागले. एखादी नोंद बिनतक्रार पार पडली, तर ‘कागद चार वेळा वाचले म्हणून निभावलं’ असं वाटायचं. म्हणजे काम नीट झालं तरी त्याचं श्रेय माझ्या जाणतेपणाला कधी मिळत नव्हतं.

माझी भाची नांदेडला मानसशास्त्र शिकते. तिनं मला सांगितलं, की याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये दीडशेहून जास्त कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवावरून एक निबंध लिहिला. पदव्या, पदं, लोकांची दाद, सगळं असूनही या स्त्रियांना आपण लोकांना फसवतोय असं वाटत होतं. पुढे हे पुरुषांमध्येही दिसलं. हा आजार मानला जात नाही. ही विचाराची एक सवय आहे. यश मिळालं तर ते नशिबानं किंवा अति कष्टानं, आणि अपयश आलं तर ते आपल्या नालायकीनं, असा हिशेब मन मांडत राहतं. असा हिशेब कितीही यश मिळालं तरी बदलत नाही, कारण यशाची बाजू त्यात जमाच होत नाही.

हे कळल्यानं बरं वाटलं, पण टोकनपाशी थांबलेला हात तेवढ्यानं पुढे गेला नाही. तो कसा गेला, ते एका वारस नोंदीच्या आधारे सांगते.

गोदाकाठच्या एका गावातला शेतकरी वारला होता. तलाठ्यांनी वारस म्हणून पत्नी आणि दोन मुलगे अशी नोंद घेतली होती. मृत्यूचा दाखला होता, मुलाचं स्वयंघोषणापत्र होतं, रेशनकार्डात हीच तीन नावं होती. चावडीवर नोटीस लागून पंधरा दिवस झाले होते आणि हरकत आली नव्हती. कागदावर खोट काढायला जागा नव्हती. तरी मी सही केली नाही. गावात गेले, त्यांच्या घरी ओसरीवर बसले आणि मुलांच्या म्हाताऱ्या आईला तेलुगूत विचारलं, “आडपिल्ललु एंतमंदि?” मुली किती? आईनं सहज सांगितलं, दोघी. एक बोधनकडे दिलेली, एक मुधोळकडे.

आमच्याकडे रोटीबेटीचे व्यवहार सीमेपलीकडे चालतात. बोधन, निजामाबाद, बासर, मुधोळ ही गावं आता तेलंगणात असली तरी आमच्या सोयरिकीतलीच आहेत. लग्न झालं की मुलीचं नाव रेशनकार्डातून निघतं. चावडीवरची नोटीस बोधनला वाचता येत नाही. त्यामुळे पंधरा दिवसांत हरकत आली नाही याचा अर्थ हरकत नाही असा इथं धरता येत नाही.

थोरला मुलगा म्हणाला, “मॅडम, बहिणी काही मागायल्या नाहीत. त्या लिहून द्यायल्यात.” त्यानं दोघींच्या सह्यांचा स्टॅम्प पेपरही पुढं केला. मी त्याला सांगितलं, की 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंच मुली पहिल्या वर्गाच्या वारस आहेत, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हक्क जन्मापासूनचा आहे. हक्क सोडायचाच असेल तर तो दुय्यम निबंधकांकडं नोंदवलेल्या हक्कसोडपत्रानं सोडावा लागतो. साध्या स्टॅम्प पेपरवर सह्या करून जमिनीतला हक्क सुटत नाही. आधी पाचही वारसांची नावं लागतील, मग ज्या बहिणीला सोडायचं असेल ती स्वतः येऊन सोडेल. ती नोंद मी रद्द केली. पाचही नावांची नवी नोंद झाली, दोघी बहिणींना टपालानं नोटिसा गेल्या. पुढे एकीनं हक्कसोडपत्र करून दिलं. दुसरीनं आपलं नाव ठेवलं. या नोंदीविरुद्ध कोणी अपील केलं नाही.

त्या संध्याकाळीसुद्धा माझ्या मनात हेच होतं, की यात माझं काय? तेलुगू तर मला लहानपणापासून येतं. लेकी कुठं दिल्यात हे इथं कुणालाही माहीत असतं. ही गोष्ट मी आमच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका अव्वल कारकुनांना सांगितली. ते म्हणाले, “बाई, नव्यानं आलेल्या एखाद्या हुशार अधिकाऱ्याला हा प्रश्न विचारायचं सुचलं असतं का? तुम्हाला जे न शिकता येतं, ते तुम्ही मोजतच नाही.” मला हे पटलं. जे कष्टानं शिकलो ते आपण ज्ञान मानतो आणि जे वर्षानुवर्षं अंगात मुरलं ते धरतच नाही. बढतीनंतर तर मोजायला समोर फक्त नवं आणि अवघडच असतं.

त्यांच्याच सांगण्यावरून मी एक वही सुरू केली. ज्या नोंदीवर सही करताना मन अडेल, तेवढीच तीत लिहायची. एका रकान्यात फेरफार क्रमांक. दुसऱ्यात शंका नेमकी कशाची. तिसऱ्यात निर्णय कशावर घेतला: कोणता कागद, कोणतं कलम, कुणाला विचारलं. चौथा रकाना मोकळा ठेवायचा आणि नंतर भरायचा: हरकत आली का, अपील झालं का, वरिष्ठांनी काय ठरवलं. दुसऱ्या रकान्यात ‘मला जमत नाही’ असं लिहायचं नाही, ही एकच अट. तिथं कागदाबद्दलचीच शंका लिहायची.

ही अट पाळताना पहिला फरक पडला. पुष्कळदा लिहायला बसलं की कागदाबद्दल शंकाच नसायची, फक्त धाकधूक असायची. अशा नोंदीवर त्याच दिवशी सही करायची, असा नियम मी स्वतःला घातला. कारण नोंद अडली की पीककर्ज अडतं, आणि माझ्या भीतीची किंमत शेतकऱ्यानं पेरणीच्या तोंडावर का मोजावी?

दुसरा फरक काही महिन्यांनी चौथा रकाना वाचताना दिसला. वारस, खरेदीखत, बोजा चढवणं-उतरवणं या नोंदींतल्या माझ्या शंका बहुतेक फोल ठरल्या होत्या, किंवा त्या वारस नोंदीसारख्या खऱ्या ठरून वेळीच निस्तरल्या होत्या. मात्र इनाम आणि कुळाच्या जमिनींच्या नोंदींपाशी पुन्हा पुन्हा ‘वरिष्ठांना विचारलं’ असंच लिहिलेलं होतं. इथली भीती खोटी नव्हती. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणून इथल्या कुळाला 1950 चा हैदराबाद कूळ कायदा लागतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या जमिनीवरून लिहिलेली पुस्तकं इथं पुरत नाहीत. मग मी त्याच निवृत्त कारकुनांकडं बसून 1954-55 चं खासरा पत्रक कसं वाचायचं ते शिकले: जमीन मुळात कोणाच्या नावे होती, कुळाचं नाव कुठं येतं, देवस्थान इनाम कसं ओळखायचं, परवानगीशिवाय कोणती जमीन विकता येत नाही. ‘मी या पदाला लायक नाही’ हे ओझं ‘मला कूळ कायद्याचा एवढा भाग शिकायचा आहे’ इतकं उरलं, आणि एवढं शिकता येतं.

तिसरी गोष्ट पावसाळ्यानं शिकवली. गोदावरीला पूर आला आणि पिकं पाण्याखाली गेली, की पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून जातात. सोयाबीनचं नुकसान 33 टक्क्यांच्या वर आहे का, हे एकट्या महसूल माणसानं ठरवावं अशी शासनाचीही अपेक्षा नाही. सगळं जाणणारा जो अधिकारी मी मनात उभा केला होता, तसा अधिकारी त्या पदावर कधीच कोणी नव्हता. त्याच्याशी तुलना करून स्वतःला कमी ठरवण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून मी नायब तहसीलदारांना ‘सर, हे बरोबर आहे ना?’ असं विचारणं सोडलं. ‘या गटाला कूळ कलम लागतं का?’ असं विचारते. पहिल्या प्रश्नाला धीर मिळतो आणि तो दोन दिवस टिकतो. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळतं आणि ते पुढच्या फायलीलाही चालतं.

आमच्यातल्या काहींना आणखी एक गोष्ट सलते. बढती सेवाज्येष्ठतेनं मिळाली, म्हणजे नुसती वर्षं मोजून मिळाली, असं लोक म्हणतात आणि आपल्यालाही ते खरं वाटतं. मी आता एवढंच म्हणते, की ज्येष्ठता यादी आणि खात्याची परीक्षा आपल्याला त्या पदाच्या दारापर्यंत आणतात. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे बढतीच्या आदेशात लिहिलेलं नसतं. ते त्यानंतरच्या कामात शोधावं लागतं.

सही करताना मी आजही थांबते, पण किती वेळ आणि कशासाठी, हे आता मला ठाऊक असतं. नव्यानं बढती मिळालेल्या माझ्या सहकाऱ्यांना, विशेषतः आपल्या भागातल्या बायांना, माझी एकच विनंती आहे. शंका आली तर ती दाबू नका आणि तिच्यावर लगेच विश्वासही ठेवू नका. ती कागदावर लिहा, निर्णयाचा आधार लिहा आणि सहा महिन्यांनी काय घडलं ते वाचा. आपल्याबद्दलचा निकाल आपल्या भीतीनं न देता त्या नोंदींनी द्यावा.